हुकलेल्या डोसांचा हिशेब: आजारपणानंतर किंवा प्रवासानंतर बाळाचं लसीकरण पुन्हा रुळावर कसं आणायचं

बाळाचे डोस चुकले की आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?" नाही. बाळाला दिलेला आणि कार्डावर नोंदलेला डोस वाया जात नाही, मग मध्ये दोन महिने जावोत की आठ. जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. लसीकरणाची गाडी रुळावर आणण्याचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे. तरी कितीतरी बाळं मागे राहतात ती याच गैरसमजामुळे. "कोर्स फुकट गेला" असं वाटून घरची माणसं खचतात आणि पुढची तारीखही ढकलतात.

डोस वाया का जात नाही, हे समजून घेतलं तर पुढचे नियम आपोआप उलगडतात. लसीतून शरीराला त्या जंतूची ओळख होते. त्या ओळखीतून दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी, ज्या काही महिन्यांत कमी होत जातात. दुसऱ्या म्हणजे स्मृतिपेशी, ज्या खूप काळ टिकतात. पुढचा डोस उशिरा मिळाला तरी तो पडतो या स्मृतिपेशींवरच. त्या पटकन जाग्या होतात आणि उत्तर जोरदार येतं. उशिराचं नुकसान वेगळंच आहे: दोन डोसांच्या मधल्या काळात बाळाचं संरक्षण अर्धवट असतं. म्हणजे झालेलं काम शाबूत आहे, धोका आहे तो आज, आत्ता.

उलट बाजूला मात्र नियम कडक आहे. डोस फार लवकर दिला तर तो मोजला जात नाही. पहिल्या डोसाच्या अँटीबॉडी भरपूर असताना दुसरा डोस आला, तर त्या लसीला निष्प्रभ करतात आणि स्मृतिपेशींची नीट वाढ होत नाही. म्हणून प्रत्येक लसीसाठी दोन आकडे पाहायचे: किमान वय आणि आधीच्या डोसापासूनचं किमान अंतर. कमाल अंतर जवळजवळ कुठल्याच लसीला नाही. बाळांच्या लसींत वयाची वरची मर्यादा महत्त्वाची ठरते ती मुख्यतः रोटाव्हायरसच्या लसीला. तिच्याकडे पुढे वळू.

आधी कार्ड वाचायचं

एक बाळ उदाहरणादाखल घेऊ आणि त्याचा हिशेब शेवटपर्यंत करू. हे बाळ मी रचलेलं आहे, पण त्याच्या अडचणी रोज समोर येणाऱ्याच आहेत.

जन्म २ मार्च. जन्मल्यावर बीसीजी, कावीळ ब आणि तोंडावाटे पोलिओचा डोस मिळाला. सहा आठवड्यांचं झाल्यावर, १३ एप्रिलला, पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस, न्यूमोकोकलचा पहिला, रोटाव्हायरसचा पहिला आणि पोलिओचे थेंब. पुढचे डोस दहाव्या आठवड्यात, म्हणजे ११ मेला होते. पण ६ मेला न्यूमोनिया होऊन बाळ दवाखान्यात दाखल झालं. हिमोग्लोबिन फार उतरलं म्हणून ९ मेला रक्तातल्या लाल पेशी चढवल्या. १८ मेला घरी सोडलं. "बाळ अशक्त आहे, जरा अंग धरू दे" म्हणून डोस लांबले. जूनच्या सुरुवातीला कुटुंब परदेशी गेलं, तिथे काही महिने राहिलं आणि २ नोव्हेंबरला परतलं. तिथल्या एका दवाखान्यात बाळाला हेक्साव्हॅलंटचा एक आणि न्यूमोकोकलचा एक डोस मिळाला. कार्डावर तारीख आहे १०/११. आज २० नोव्हेंबर. बाळ आठ महिने अठरा दिवसांचं आहे.

पहिला अडथळा ती तारीखच आहे. १० नोव्हेंबर की ११ ऑक्टोबर? काही देशांत दिवस आधी लिहितात, काहींत महिना. फरक किरकोळ नाही. १० नोव्हेंबर असेल तर आज फक्त १० दिवस झालेत आणि पुढचा डोस आज देता येणार नाही. ११ ऑक्टोबर असेल तर ४० दिवस झालेत, म्हणजे देता येईल. उत्तर बहुतेक वेळा त्याच कार्डावर सापडतं. या कार्डावर वजनाची एक नोंद ०९/२३ अशी आहे. तेविसावा महिना नसतो, म्हणजे इथे महिना आधी लिहिलाय. शिवाय १० नोव्हेंबरला कुटुंब त्या देशात नव्हतंच. तारीख ११ ऑक्टोबर पक्की. ती महिन्याच्या नावासकट नव्या कार्डावर लिहून घ्यायची, म्हणजे पुढच्या माणसाला हा शोध पुन्हा घ्यावा लागणार नाही.

दुसरा अडथळा नावांचा. लसीचं व्यापारी नाव वेगळं, देश वेगळा, भाषा वेगळी. अशा वेळी नावावर न जाता आतल्या घटकांवर जायचं. पेंटाव्हॅलंटमध्ये पाच लसी असतात: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब, म्हणजे मेंदूज्वर घडवू शकणारा एक जिवाणू. हेक्साव्हॅलंटमध्ये या पाचांबरोबर इंजेक्शनचा पोलिओ असतो. म्हणून परदेशातला हेक्साव्हॅलंट हा इथल्या पेंटाव्हॅलंटचा दुसरा डोस धरायचा आणि शिवाय इंजेक्शनच्या पोलिओचा एक डोस झाला असं मोजायचं. कंपनी बदलली म्हणून डोस बाद होत नाही. शक्य असेल तर तीच लस पुढे चालवावी, नसेल तर जी मिळते ती द्यावी. फक्त ब्रँडसाठी थांबण्यात बाळाचा तोटा आहे.

कार्डच हरवलं तर? आधी जिथे डोस दिला तिथली नोंदवही, दवाखान्याचा संगणक, फोनमधले जुने फोटो धुंडाळायचे. लेखी पुरावा मिळालाच नाही तर तो डोस झालाच नाही असं धरून पुढे जायचं. "दिल्यासारखं आठवतं" यावर हिशेब करू नये. एखादा डोस जास्तीचा झाला तर बहुतेक वेळा होणारा त्रास म्हणजे मांडीवरची सूज, जी घटसर्प-धनुर्वाताच्या लसीच्या जादा डोसांनी थोडी अधिक येऊ शकते. डोस राहून गेला तर होणारा त्रास त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. जन्मानंतरच्या बीसीजीबाबत दंडावरचा व्रण हा पुरावा मानतात. पण व्रण नाही म्हणजे लस लागली नाही, असं नाही. काही बाळांना व्रण उमटतच नाही. लस दिल्याची नोंद असेल तर ती पुन्हा द्यायची नसते.

मग आजारपण तपासायचं

आता दवाखान्यातले ते बारा दिवस. त्यांचा लसीकरणावर काही परिणाम होतो का, हे तीन प्रश्नांनी ठरतं.

आज बाळ कसं आहे? नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, जुलाब थांबत आलेत, अंग कोमट आहे, अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे, यातल्या कशासाठीही थांबायचं कारण नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतात, बाळाच्या या लसींवर नाही. ताप ३८.५ अंश सेल्सियसच्या वर आहे, श्वासाला त्रास आहे, बाळ दूध घेत नाही, असं असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं. त्याचं कारण लोकांना वाटतं तसं "लस सोसणार नाही" हे नसतं. मुख्य कारण असं की दुसऱ्या दिवशी ताप वाढला तर तो आजाराचा की लसीचा, हे कुणालाच सांगता येत नाही आणि उपचार चुकू शकतात. आजाराचा जोर ओसरला की त्याच आठवड्यात डोस देता येतो. आपल्या बाळाला १८ मेला घरी सोडतानाच दुसरा डोस देता आला असता. दवाखान्यातून निघताना "याची लस राहिली आहे, आज देता येईल का?" एवढं विचारणं फार कामाचं असतं.

रक्त किंवा रक्तातला घटक दिला होता का? हा प्रश्न बऱ्याचदा विचारायचा राहून जातो. दुसऱ्याच्या रक्तातून गोवराच्या अँटीबॉडी येतात आणि त्या गोवराच्या जिवंत लसीला काम करू देत नाहीत. लस टोचली जाते, कार्डावर नोंद होते आणि बाळ मात्र असुरक्षित राहतं. म्हणून गोवर-रुबेला किंवा गोवर-गालगुंड-रुबेलाची लस लांबवतात. लाल पेशी दिल्या असतील तर साधारण ६ महिने आणि प्लाझ्मा किंवा प्लेटलेट दिल्या असतील तर ७ महिने. कावासाकीसारख्या आजारात प्रतिकिलो २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिलं असेल तर ११ महिने. आसपास गोवराची साथ असेल तर डॉक्टर लवकर देऊन नंतर पुन्हा द्यायचं ठरवू शकतात. पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल, पोलिओ आणि रोटाव्हायरसला हा नियम लागू नाही. आपल्या बाळाला ९ मेला लाल पेशी दिल्या, सहा महिने ९ नोव्हेंबरला पूर्ण झाले. गोवराची लस तशीही नऊ महिन्यांनी, म्हणजे २ डिसेंबरनंतरच द्यायची आहे. म्हणजे त्या रक्तामुळे काहीच अडत नाही. पण हे तारीख तपासल्यावर कळलं. नुसत्या अंदाजाने कुणी लस पुढे ढकलली असती, किंवा उलट घाईने दिली असती.

तिसरा प्रश्न स्टेरॉइडचा. प्रेडनिसोलोन प्रतिकिलो २ मिलिग्रॅम किंवा जास्त, रोज, १४ दिवस किंवा अधिक दिलं असेल तर ते थांबल्यावर निदान चार आठवडे जिवंत लसी देत नाहीत. दम्यासारख्या त्रासात दिलेला तीन-पाच दिवसांचा कोर्स किंवा वाफेतून घेतलेलं औषध यात येत नाही. मात्र प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष असल्याची शंका असेल, घरात कुणा बाळाचा वारंवार होणाऱ्या गंभीर संसर्गांनी मृत्यू झाला असेल, तर जिवंत लसींआधी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. अशा बाळांना बीसीजी आणि रोटाव्हायरसची लस धोक्याची ठरू शकते.

थांबण्याची खरी कारणं एवढीच, आणि आणखी दोन-तीन: त्याच लसीच्या आधीच्या डोसानंतर तीव्र अॅलर्जीचा झटका आलेला असणं, डांग्या खोकल्याच्या लसीनंतर सात दिवसांत दुसरं कारण न सापडलेला मेंदूचा गंभीर आजार झालेला असणं, आणि रोटाव्हायरसच्या बाबतीत आतडं आतड्यात शिरण्याचा आजार पूर्वी झालेला असणं. तापात आकडी आली होती, घरात कुणाला फिट्स आहेत, बाळ कमी दिवसांचं जन्मलं, अंगावर एक्झिमा आहे, ही कारणं रोज सांगितली जातात, पण त्यांच्यामुळे डोस अडवायचा नसतो. कमी दिवसांच्या बाळाचं वयही जन्मतारखेपासूनच मोजायचं, अपेक्षित तारखेपासून नाही.

मग तारखा मांडायच्या

आता कागद-पेन घेऊन प्रत्येक लसीसमोर शेवटच्या डोसाची तारीख लिहायची आणि त्यापुढे "यानंतर कधीही" अशी सर्वात लवकरची तारीख. आपल्या बाळाचं असं होतं.

पेंटाव्हॅलंट: दोन डोस झाले, दुसरा ११ ऑक्टोबरला. डोसांमध्ये किमान चार आठवडे हवेत. ते ८ नोव्हेंबरला भरले. तिसरा आज.

पोलिओचे थेंब: हेही आज. इंजेक्शनचा एक डोस ११ ऑक्टोबरला हेक्साव्हॅलंटमधून मिळालाय. थेंब आणि इंजेक्शन दोन्ही असलेल्या वेळापत्रकात दुसऱ्या इंजेक्शनला साधारण चार महिन्यांचं अंतर ठेवतात, म्हणजे ११ फेब्रुवारीनंतर.

न्यूमोकोकल: दोन झाले. तिसरा डोस काही देशांत लहान वयातल्या मालिकेचाच भाग असतो, तिथे तो आज देता येतो. काही देशांत तो नऊ महिन्यांनंतरचा बूस्टर असतो. तिथे दुसऱ्या डोसापासून आठ आठवडे, म्हणजे ६ डिसेंबर. आपण हा दुसरा प्रकार धरू.

गोवर: वय नऊ महिने, म्हणजे २ डिसेंबरपासून पुढे. काही देश ही लस बारा महिन्यांना देतात.

रोटाव्हायरस: इथे देशादेशांत खरा फरक आहे. ही लस लवकर द्यायची असते, कारण जुलाबाने सर्वात जास्त हाल लहान बाळांचे होतात, आणि मोठ्या वयात पहिला डोस देण्याबाबत आतडं आतड्यात शिरण्याच्या दुर्मिळ धोक्याची काळजी आहे. अमेरिकेत पहिला डोस १५ आठवडे पूर्ण होण्याआधी आणि शेवटचा आठ महिन्यांपर्यंतच देतात. जागतिक आरोग्य संघटना मात्र दोन वर्षांपर्यंत द्यायला हरकत घेत नाही, कारण जिथे जुलाबाने बाळं दगावतात तिथे वयाच्या अटीपायी ती लसीविना राहणं जास्त महाग पडतं. म्हणजे आपलं बाळ एका नियमाप्रमाणे अठरा दिवसांनी चुकलं आणि दुसऱ्याप्रमाणे अजून वेळेत आहे. आपल्या देशाचं वेळापत्रक काय म्हणतं ते विचारून त्याप्रमाणे करायचं. दार बंद झालं असेल तर ही एकच लस सोडायची आणि बाकीच्या थांबवायच्या नाहीत.

इथे घरचे विचारतात, "मग सगळं ६ डिसेंबरलाच एकदम देऊ या का? एकाच फेरीत काम होईल." माझं उत्तर ठाम आहे. जे आज देता येतं ते आजच द्यायचं. पुढची फेरी मात्र अशी निवडायची की तिच्यात जास्तीत जास्त काम बसेल. म्हणून आज पेंटाव्हॅलंट आणि पोलिओ, जमत असेल तर रोटा. ६ डिसेंबरला गोवर आणि न्यूमोकोकल एकत्र. गोवर चार दिवस उशिरा गेला तरी चालेल, एक फेरी वाचते आणि फेरी वाचली की डोस चुकण्याची एक संधीही कमी होते. पण आसपास गोवर असेल तर ही सवलत नाही. मग तो २ डिसेंबरलाच, किंवा त्याआधीच, वयाच्या सहा महिन्यांनंतर देता येणारा जादा डोस.

आजच्या लसी आणि सोळा दिवसांनी गोवराची जिवंत लस, यांत काही अंतर लागतं का? नाही. चार आठवड्यांची अट फक्त टोचायच्या दोन जिवंत लसींना असते, उदाहरणार्थ बीसीजी आणि गोवर, किंवा गोवर आणि कांजिण्या. त्या एकतर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने. तोंडावाटेच्या लसींना ती नाही. हा नियम चुकीचा लक्षात ठेवल्याने कितीतरी बाळं विनाकारण महिनाभर परत पाठवली जातात.

त्यापुढे काय उरतं? इंजेक्शनचा पोलिओ फेब्रुवारीत, तो ज्या दिवशी होईल त्या दिवशी इतरही काही राहिलंय का ते पाहायचं. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या त्रिगुणी लसीचा बूस्टर पेंटाव्हॅलंटच्या तिसऱ्या डोसानंतर निदान सहा महिन्यांनी, म्हणजे २० मेनंतर. तोपर्यंत बाळ साडेचौदा महिन्यांचं असेल आणि बूस्टर तसाही दीड वर्षाच्या आसपास असतो. थोडक्यात, दोन फेऱ्यांत बाळ जवळजवळ बरोबरीला आलं. "आठ महिने वाया गेले" असं वाटणाऱ्या घराला हे पटतच नाही. म्हणून मी तारखा मांडून दाखवते.

उशीर आणखी वाढला असता तर काही लसींचे डोस उलट कमी झाले असते. हिबची सुरुवातच एक वर्षानंतर झाली तर निरोगी मुलाला साधारण एक डोस पुरतो, कारण मोठ्या बाळाची प्रतिकारयंत्रणा त्याला जास्त चांगलं उत्तर देते. म्हणून "मोठं झाल्यावरच देऊ" हा विचार हुशारीचा वाटतो. तो का नाही, ते पुढे.

घरात ऐकू येणारं बोलणं

"आता हे आजारातून उठलंय, थोडं मोठं होऊ दे." हा प्रयोग जपानमध्ये एकदा संपूर्ण देशावर झाला. १९७४-७५ च्या हिवाळ्यात लस दिल्यानंतर दोन बाळांचे मृत्यू झाले. डांग्या खोकल्याची लस थांबवली गेली, आणि नंतर सुरू केली तेव्हा सुरुवातीचं वय दोन वर्षांपर्यंत वाढवलं. १९७४ मध्ये सुमारे ८० टक्के बाळांना मिळणारी लस दोन वर्षांत १० टक्क्यांच्या आसपास आली. १९७४ मध्ये देशभरात या आजाराचे ३९३ रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९ मध्ये १३,००० हून अधिक रुग्ण झाले आणि ४१ मृत्यू. डांग्या खोकला मोठ्या मुलाला आठवडेच्या आठवडे खोकायला लावतो. कोवळ्या बाळाला मात्र खोकताही येत नाही, त्याचा श्वासच थांबतो. ज्या वयात लस "लांबवावी" असं वाटतं, त्याच वयात हा आजार जीव घेतो.

"आजार होऊन गेला, आता लसीची गरज नाही." हे कधी खरं असतं, कधी नाही, आणि ते आजारावर अवलंबून आहे. धनुर्वात होऊन गेला तरी त्याने संरक्षण मिळत नाही. जे विष आजार घडवतं ते इतकं कमी असतं की शरीर त्याला ओळखतही नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला हिबचा मेंदूज्वर झाला तरी त्याच्या शरीरात भरवशाची प्रतिकारशक्ती तयार होत नाही, म्हणून बरं झाल्यावर त्याला लस द्यायचीच. न्यूमोकोकसचे अनेक प्रकार आहेत, एकाने न्यूमोनिया झाला म्हणून दुसऱ्यापासून बचाव होत नाही. गोवर खरोखर झाला असेल तर संरक्षण टिकाऊ असतं. पण पहिल्या वर्षात तापाबरोबर येणारं लालसर पुरळ कितीतरी विषाणूंनी येतं, आणि तपासणीशिवाय "गोवर होता" हे बऱ्याचदा चुकतं. ज्याला आधीच प्रतिकारशक्ती आहे त्याला लस दिल्याने इजा होत नाही. म्हणून शंकेचा फायदा लसीला द्यावा.

"एकाच दिवशी तीन-तीन सुया, एवढ्याशा अंगाला सोसवेल?" सुया दुखतात, यात शंका नाही, आणि आईवडिलांचा जीव कळवळणं मला समजतं. पण प्रतिकारयंत्रणेवरचा भार म्हणून पाहिलं तर बाळ जन्मल्या क्षणापासून त्वचेवरच्या, आतड्यातल्या असंख्य जंतूंशी ओळख करून घेत असतं. त्यापुढे लसींमधले घटक मोजकेच असतात. डोस वेगवेगळ्या दिवशी वाटून दिल्याने दुखणं कमी होत नाही, फक्त जास्त दिवसांत वाटलं जातं आणि असुरक्षित काळ वाढतो. एका मांडीत दोन इंजेक्शनं द्यायची असतील तर त्यांत निदान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवतात. टोचताना बाळ उचलून छातीशी धरलेलं असावं आणि अंगावर पाजत असाल तर त्या वेळीही पाजावं. याने रडणं खरंच कमी होतं.

"ताप आला नाही, म्हणजे लस लागू पडली नाही." ताप न येणाऱ्या बाळांनाही संरक्षण तितकंच मिळतं. ताप येणार असला तर तो लसीनुसार वेगळ्या दिवशी येतो. पेंटाव्हॅलंटनंतर तो पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. गोवराच्या लसीनंतर मात्र साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी, कारण जिवंत विषाणूला वाढायला तेवढा वेळ लागतो. हे माहीत नसेल तर दहाव्या दिवशीचा ताप कुणी लसीशी जोडत नाही, किंवा तिसऱ्या दिवशीचा सर्दीताप विनाकारण तिच्या माथी मारला जातो. ताप येण्याआधीच खबरदारी म्हणून पॅरासिटामॉल सहसा देऊ नये. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं औषध आधीच दिलेल्या बाळांत काही लसींना मिळणारं अँटीबॉडीचं उत्तर थोडं कमी दिसलं होतं. ताप आला आणि बाळ अस्वस्थ असेल तर जरूर द्यावं, एका वेळी प्रतिकिलो १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम, दोन वेळांमध्ये सहा तास ठेवून. सिरपची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते, तेव्हा "एक चमचा" असं न मोजता बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचावं.

आणि शेवटी ऑटिझमची भीती. गोवर-गालगुंड-रुबेलाचा डोस लांबवणारे बरेच पालक हे थेट बोलत नाहीत, पण मनात तेच असतं. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा एक लेख आला, त्यातून ही शंका पसरली. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचं ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून नाव काढण्यात आलं. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण न घेतलेल्या मुलांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. शंका येण्याचं एक साधं कारणही आहे: ही लस ज्या वयात देतात, त्याच सुमारास बोलणं, नजर, हाक मारल्यावर वळणं यांतला फरक पहिल्यांदा जाणवू लागतो. दोन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या की मन त्यांना जोडतं. अशा पालकांना मी रागावत नाही. बोलण्याबद्दल किंवा नजरेबद्दल काही खटकत असेल तर त्याची वेगळी तपासणी लगेच करून घ्या असं सांगते, आणि डोसही त्याच दिवशी देते.

डोस दिल्यावर, आणि पुढचा प्रवास ठरल्यावर

तीव्र अॅलर्जी फार दुर्मिळ असते आणि आली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते. म्हणून टोचल्यावर १५ ते ३० मिनिटं तिथेच बसायचं. चेहरा-ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला किंवा बाळ लुळं पडलं तर लगेच सांगायचं. घरी गेल्यावर तीन तासांहून जास्त सलग किंचाळून रडणं, ४० अंशांच्या वर ताप, आकडी, किंवा बाळ निस्तेज होऊन दूध न घेणं, यांपैकी काही झालं तर दवाखाना गाठायचा आणि ते कार्डावर लिहून घ्यायचं. मांडीवरची गाठ दोन-तीन आठवडे राहू शकते. ती दाबू नये, चोळू नये.

पुन्हा लांबचा प्रवास असेल आणि बाळ सहा महिन्यांहून मोठं पण गोवराच्या वेळेआधीचं असेल, तर जिथे गोवर फिरतोय अशा ठिकाणी जाण्याआधी एक जादा डोस देतात, शक्यतो निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी. तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडी त्या वयात अजून आड येऊ शकतात. नेमकी हीच गोष्ट परतल्यावर विसरली जाते आणि "गोवराचा एक झालाय" असं समजून खरा पहिला डोस राहतो. म्हणून त्याच्यासमोर कार्डावर "जादा, प्रवासासाठी" असं स्वच्छ लिहून घ्यावं. उलट दिशेनेही काळजी घ्यावी: नऊ महिन्यांना दिलेला गोवराचा डोस बारा महिन्यांपासून देणाऱ्या देशात मोजला जाणार नाही, तिथे पुढे पुन्हा दोन डोस सांगितले जातील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

निघण्याआधी कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवावेत. परदेशात डोस दिला तर तिथल्या माणसाकडून चार गोष्टी मागून घ्याव्यात: लसीचं नाव, त्यातले घटक, महिना अक्षरात लिहिलेली तारीख आणि बॅच क्रमांक. मागच्या रक्ताची, इम्युनोग्लोब्युलिनची किंवा स्टेरॉइडची नोंद असलेला दवाखान्याचा सुटीचा कागद त्याच पिशवीत ठेवावा. आपल्या बाळाच्या कार्डावर ९ मेच्या लाल पेशींची नोंद नव्हती, ती फक्त त्या कागदावर होती.